नोकरीचा प्रश्न अमेरिकेत, उत्तर मात्र बंगळुरूत
अवलंबित व्हिसावर गेलेल्या जोडीदारांना काम केव्हा करता येते, याचा निर्णय प्रस्थानापूर्वीच होऊन गेलेला असतो

बंगळुरू : पतीच्या नोकरीनिमित्त अमेरिकेत नुकत्याच पोहोचलेल्या सुशिक्षित विवाहितेची एक विचारणा तेथील भारतीयांच्या आणि महाराष्ट्र मंडळांच्या गटांत वारंवार वाचायला मिळते. बंगळुरूत किंवा पुण्यात अमुक वर्षे नोकरी केली आहे, सध्या अवलंबित व्हिसावर आले आहे, माझ्या अनुभवाला साजेशी जागा कुठे असल्यास कळवावे, असा तिचा साधारण मजकूर असतो. उत्तरेही लगोलग येतात. कोणी कंपनीचे नाव सुचवते, कोणी अनुभवपत्र मागवून घेते, तर कोणी एखाद्या मध्यस्थाचा दूरध्वनी क्रमांक देते. व्हिसा नेमका कोणता आहे आणि पतीचे ग्रीन कार्डाचे प्रकरण कुठवर आले आहे, हे दोन प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात.

वास्तविक नोकरी मिळणे न मिळणे बऱ्याच अंशी याच दोन प्रश्नांवर अवलंबून असते. ‘अवलंबित व्हिसा’ हा बोलण्यातला शब्द आहे. कायद्यात त्याचे अनेक प्रकार असून एका प्रकारात विमानतळाबाहेर पडल्यापासून काम करण्याची मुभा असते, तर दुसऱ्यात कित्येक वर्षे एक डॉलरही कमावता येत नाही. यांतला कोणता प्रकार वाट्याला येणार, हे ठरते ते पतीच्या कंपनीच्या बंगळुरूतील मनुष्यबळ विभागात. जिच्या नोकरीवर त्याचा परिणाम व्हायचा असतो, ती त्या चर्चेला सहसा हजर नसते.

एकच कंपनी, दोन व्हिसा

बंगळुरूतील माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना मुख्यतः दोन मार्गांनी अमेरिकेत पाठवतात. पहिला मार्ग एच-१बी व्हिसाचा. त्यासाठी कंपनीला वार्षिक सोडतीत नाव नोंदवावे लागते. निवड झाल्यास कर्मचाऱ्याला एकूण सहा वर्षांपर्यंत राहता येते आणि दुसरी कंपनी अर्ज करण्यास तयार असेल, तर नोकरीही बदलता येते. दुसरा मार्ग एल-१ व्हिसाचा. मागील तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग कंपनीच्या परदेशी शाखेत काम केलेल्या व्यवस्थापकाला किंवा विशेष जाणकाराला त्याच कंपनीच्या अमेरिकी शाखेत बदलीवर पाठवण्यासाठी तो असतो. त्याला सोडत नाही. मात्र त्यावर नोकरी बदलता येत नाही आणि मुदत जाणकाराला पाच, तर व्यवस्थापकाला सात वर्षांचीच मिळते.

एच-१बीधारकाच्या जोडीदाराला एच-४ आणि एल-१धारकाच्या जोडीदाराला एल-२ व्हिसा मिळतो. दोघींचे पारपत्र भारतीय, पती एकाच कार्यालयात, घरेही कदाचित एकाच इमारतीत. परंतु कामाच्या बाबतीत दोघींच्या स्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

एल-२ जोडीदाराचा कामाचा अधिकार त्या दर्जातच अंतर्भूत आहे. पूर्वी त्यांनाही वेगळा परवाना काढावा लागे. या परवान्यांच्या विलंबाविरुद्ध दाखल झालेल्या दाव्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली आणि ती अट गेली. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून अशा जोडीदाराच्या प्रवेशनोंदीवर, म्हणजे आय-९४ या दस्तऐवजावर, ‘L-2S’ अशी खूण केली जाते. ही नोंद आणि ओळखपत्र दाखवले की कंपनीला नियुक्ती करता येते. मात्र ‘S’ हे अक्षर असल्याची खात्री अमेरिकेत उतरल्यावर पहिल्याच दिवशी करून घ्यावी लागते. नोंद नुसती ‘L-2’ अशी असेल, तर ती मुलांच्या नोंदीसारखी ठरते आणि कंपनीचे कर्मचारी नियुक्ती अडवून धरतात. ती आधी दुरुस्त करून घ्यावी लागते.

एच-४ जोडीदाराला असा अंगभूत अधिकार नाही. तिला स्वतंत्र कामाचा परवाना, म्हणजे ‘ईएडी’ या नावाने ओळखले जाणारे कार्ड, काढावे लागते. या कार्डासाठी अर्ज करण्याची पात्रताच मुळात पतीच्या ग्रीन कार्डाच्या प्रकरणाशी बांधलेली आहे. कार्ड नसेल तर सामाजिक सुरक्षा क्रमांकही मिळत नाही.

परवान्याची अट आणि तिचा अर्थ

एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना देणारा नियम ओबामा प्रशासनाने फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केला आणि तो त्याच वर्षी २६ मेपासून लागू झाला. तो सरसकट सर्वांसाठी नाही. पतीच्या कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेली आय-१४० ही याचिका मंजूर झालेली असावी, किंवा ग्रीन कार्डाचे प्रकरण पुरेसे आधी सुरू झाल्यामुळे त्याला सहा वर्षांपलीकडे एच-१बीची मुदतवाढ मिळालेली असावी, अशा दोनच परिस्थितींत तो लागू होतो.

या अटीमागे एक तर्क होता. रोजगारावर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग लांबत गेली असून याचिका मंजूर झाल्यावरही दशकाहून अधिक काळ थांबावे लागते. जे कुटुंब कायमचे राहण्याच्या वाटेवर आहे आणि केवळ रांगेमुळे अडकले आहे, त्याला दिलासा द्यावा, हा नियमाचा हेतू होता. नुकत्याच आलेल्या जोडीदारांचा त्यात विचारच नाही. गटात विचारणा करणाऱ्या बहुतेकजणी नेमक्या या नवागत वर्गातल्या असतात.

या नियमाचा लाभ मुख्यतः भारतीय स्त्रियांना झाला. नियम लागू झाल्यापासून डिसेंबर २०१७ पर्यंत ९०,९४६ जणांना पहिल्यांदा परवाना मिळाला. या काळात मंजूर झालेल्या अर्जदारांत दहापैकी नऊहून अधिक जण भारतात जन्मलेले होते आणि स्त्रियांचे प्रमाणही तितकेच होते.

नियमाला न्यायालयात आव्हान देणाऱ्यांचा बंगळुरूशी दूरचा संबंध आहे. ‘सेव्ह जॉब्ज यूएसए’ ही संघटना सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीच्या माजी संगणक कर्मचाऱ्यांनी स्थापन केली. कंपनीने त्यांचे काम बंगळुरूची इन्फोसिस आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपन्यांकडे सोपवल्यानंतर त्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. आता जोडीदारांनाही काम दिल्यास स्पर्धा आणखी वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम वैध ठरवला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला.

या निकालानंतर भारतीयांत समाधान व्यक्त झाले. मात्र निकालाचा अर्थ मर्यादित आहे. प्रशासनाला असा नियम करण्याचा अधिकार आहे, एवढेच न्यायालयाने म्हटले. नियम ठेवलाच पाहिजे असे बंधन त्यातून येत नाही. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात तो मागे घेण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे कार्यसूचीवर होता आणि २०२१ च्या प्रारंभी तो सोडून देण्यात आला. योग्य प्रक्रिया करून नियम रद्द करण्याचा मार्ग कोणत्याही प्रशासनाला आजही मोकळा आहे.

एका कुटुंबाचे गणित

अटीचा प्रत्यक्ष अर्थ समजण्यासाठी एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. समजा, मूळचे सांगलीचे एक जोडपे बंगळुरूत नोकरीला आहे. पत्नीला सॉफ्टवेअर चाचणीतला आठ वर्षांचा अनुभव आहे. पतीची २०२५ च्या सोडतीत निवड झाली, याचिका उन्हाळ्यात मंजूर झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दोघे टेक्ससमध्ये दाखल झाले. पत्नी एच-४ वर आहे.

पतीच्या कंपनीचे धोरण एक वर्षाची सेवा झाल्यावर ग्रीन कार्डाचे प्रकरण सुरू करण्याचे आहे. म्हणजे ऑक्टोबर २०२६ उजाडेपर्यंत कागद हलतच नाही. त्यानंतर पहिली पायरी अमेरिकी कामगार खात्याकडून त्या पदासाठीचे प्रचलित वेतन ठरवून घेण्याची. अलीकडच्या गतीने त्याला सुमारे सहा महिने लागतात. दुसरी पायरी जाहिरातींची. या पदासाठी पात्र अमेरिकी उमेदवार मिळत नाही, हे दाखवण्यासाठी कंपनीला वृत्तपत्रात दोन रविवारी जाहिरात द्यावी लागते, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवस जागा नोंदवून ठेवावी लागते आणि त्यानंतर आलेल्या अर्जांसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. ही पायरी तीन महिन्यांच्या आत क्वचितच उरकते. आता जुलै २०२७ उजाडला.

तिसरी पायरी ‘पर्म’ या नावाने परिचित असलेल्या कामगार प्रमाणपत्राची. त्याच्या निर्णयाला अलीकडे वर्षाहून बराच अधिक काळ लागत आहे. कागदपत्रे तपासणीसाठी निवडली गेल्यास विलंब आणखी वाढतो. सर्व सुरळीत झाले तरी २०२८ चा शेवट येतो. त्यानंतरच आय-१४० याचिका दाखल होते. जादा शुल्क भरल्यास तिच्यावर कामाच्या १५ दिवसांत कार्यवाही होते, आणि एवढी एकच पायरी पैसे भरून जलद करता येते. ती मंजूर झाल्यावर पत्नी आय-७६५ हा परवान्याचा अर्ज करू शकते. त्या अर्जाला जलद सेवा उपलब्ध नाही, काही महिने जातातच. ‘C26’ हा वर्ग छापलेले कार्ड तिच्या हाती पडते तेव्हा २०२९ चा वसंत असतो.

म्हणजे साडेतीन वर्षे. या काळात कितीही ओळखीने नोकरी समोर आली, तरी ती स्वीकारता येत नाही. कंपनीने रुजू झाल्यावर लगेच प्रकरण सुरू केले असते, तर यांतले एक संपूर्ण वर्ष वाचले असते. पतीला बंगळुरूहूनच एल-१ वर पाठवले असते, तर पत्नीला ऑक्टोबर २०२५ मध्येच काम करता आले असते. परंतु मग पतीला कंपनी बदलण्याची मोकळीक राहिली नसती. एच-१बी आणि एल-१ यांच्या निवडीत पतीची मोकळीक आणि पत्नीचे काम यांचा असा थेट सौदा असतो. तो समोर मांडून कुटुंबाने निर्णय घेणे वेगळे आणि कंपनीच्या सोयीने तो आपोआप होऊन जाणे वेगळे.

सप्टेंबर २०२५ नंतर या सौद्यात आणखी एक घटक आला आहे. अमेरिकेबाहेरील व्यक्तीसाठी नवी एच-१बी याचिका दाखल करताना एक लाख डॉलर भरण्याची अट २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. त्या घोषणेची मूळ मुदत १२ महिन्यांची आहे. एल-१ ला ही अट नाही. त्यामुळे बंगळुरूहून नव्याने कर्मचारी पाठवताना कंपन्यांचा कल एल-१ कडे झुकणे स्वाभाविक आहे, आणि त्याचा अनपेक्षित लाभ जोडीदारांना होऊ शकतो.

परवान्याआधी काय चालते, काय चालत नाही

प्रतीक्षेच्या काळात बहुतेक चुका नोकरी म्हणजे काय, याच्या चुकीच्या कल्पनेतून होतात. अमेरिकी स्थलांतर कायद्यात मोबदला घेऊन केलेले काम पाहिले जाते. ते मोठ्या कंपनीत केले की स्वयंपाकघरात, याला महत्त्व नाही. दिवाळीत फराळाच्या आगाऊ मागण्या घेणे, पुरणपोळ्या करून विकणे, शेजारच्या मुलांना पैसे घेऊन सांभाळणे, मेंदी काढणे, गणिताच्या किंवा कथकच्या शिकवण्या घेणे, हे सर्व परवान्याविना केलेले काम ठरू शकते. रक्कम लहान आहे किंवा रोखीने मिळाली, हा बचाव होत नाही.

सर्वाधिक गोंधळ बंगळुरूची नोकरी दूरस्थपणे चालू ठेवण्याबाबत आहे. पगार रुपयांत आणि भारतीय बँक खात्यात जमा होतो, कंपनीही भारतीय आहे, मग अमेरिकेचा संबंध काय, असा युक्तिवाद केला जातो. परदेशी कंपनीच्या दूरस्थ कामाला स्पष्ट परवानगी देणारी तरतूद मात्र नियमांत नाही. काम करणारी व्यक्ती प्रत्यक्ष कोठे बसली आहे, यावर दर्जाचा भंग ठरू शकतो, म्हणून स्थलांतर वकील सहसा असे काम टाळण्याचाच सल्ला देतात. करविषयक नियमांची भूमिका तर स्पष्ट आहे. अमेरिकेत बसून केलेल्या कामाचा मोबदला हे अमेरिकेत उगम पावलेले उत्पन्न असते. त्यामुळे कर भरला तर परवान्याविना काम केल्याची नोंद होते आणि न भरला तर करचुकवेगिरी होते, अशा पेचात कुटुंब सापडते.

या चुका लगेच उघडकीस येत नाहीत, म्हणून त्या धोक्याच्या वाटत नाहीत. त्या वर येतात ग्रीन कार्डाच्या अंतिम अर्जात. परवान्याविना कधी काम केले होते काय, असा थेट प्रश्न त्यात असतो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खातीही तपासली जातात आणि ती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची सूचना आहे. मायदेशी येऊन व्हिसाचा शिक्का घेताना जुन्या फराळाची दरपत्रके अधिकाऱ्यासमोर असू शकतात.

जे चालते त्याची यादीही लहान नाही. एच-४ वर पूर्ण वेळ शिक्षण घेता येते आणि त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. मात्र शिक्षणानंतर प्रशिक्षण म्हणून काम करायचे असेल, तर एफ-१ हा विद्यार्थी दर्जा आधी घ्यावा लागतो, कारण ती सवलत एच-४ ला नाही. जे काम एरवीही सर्वजण विनामोबदला करतात, ते सेवाभावाने करण्यास हरकत नसते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या परिवारातील मराठी शाळांत स्वयंसेवक म्हणून शिकवणे हे त्याचे घरचे उदाहरण. परंतु एरवी पगार देऊन करून घ्यायचे काम एखाद्या नवउद्योगाने ‘परवाना आला की पगार सुरू करू’ असे सांगून फुकट करून घेतले, तर ती सेवा ठरत नाही.

स्वतःच्या नावावरचा मार्ग

पतीच्या प्रकरणाची वाट न पाहता एच-४ जोडीदाराला स्वतःच्या नावाने एच-१बी घेता येतो. कंपनीला मार्चमध्ये सोडतीसाठी नोंदणी करावी लागते, आणि निवड व याचिका मंजूर झाल्यास १ ऑक्टोबरपासून काम सुरू होते. यात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली, अर्जदार अमेरिकेतच राहून दर्जा बदलत असेल, तर एक लाख डॉलरची अट लागू होत नाही, असे अमेरिकी स्थलांतर विभागाने २० ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले. म्हणजे बंगळुरूत बसलेल्या उमेदवारापेक्षा एच-४ वर अमेरिकेत असलेला तोच उमेदवार कंपनीला कितीतरी स्वस्त पडतो. दुसरी, ही सवलत निर्णय होईपर्यंत देशात राहण्यावर अवलंबून आहे. मधल्या काळात घरच्या लग्नासाठी भारतात आल्यास दर्जाबदलाचा अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते आणि रक्कम भरण्याची वेळ येऊ शकते. तिसरी, विद्यापीठे आणि काही ना-नफा संशोधन संस्थांना सोडतीची अट नाही. त्या वर्षभरात केव्हाही अर्ज करू शकतात. पूर्वी स्वतः एच-१बीवर काम केलेल्या आणि नंतर एच-४ वर आलेल्या व्यक्तीलाही शिल्लक वर्षांसाठी पुन्हा सोडतीत जावे लागत नाही. गटात नोकरीची विचारणा करताना ही एक ओळ लिहिली, तर नियुक्ती करणाऱ्याचे लक्ष वेगळेच वेधले जाते.

फसवणूकही याच वाटेवर होते. विचारणा दिसताच काही मध्यस्थ संस्था प्रशिक्षण आणि नोकरीची हमी एकत्र देऊ करतात. त्यांना ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. आठ वर्षांच्या अनुभवाची दहा वर्षे करावीत किंवा अमेरिकेतील कामाचा खोटा अनुभव जोडावा, असे सुचवले जाते. व्हिसाच्या याचिकेचा आणि वकिलाचा खर्च उमेदवाराकडून मागितला जातो. वस्तुतः एच-१बीचा हा खर्च मालकाने करायचा असतो आणि तो कर्मचाऱ्यावर टाकणे नियमबाह्य आहे. परवाना नसताना ‘आधी काम सुरू करा, कागद मागाहून पाहू’ असे कोणी म्हटले, तर पुढचे बोलणे थांबवणेच श्रेयस्कर.

परवाना मिळाल्यानंतरचा खंड

कार्ड हाती आले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. एच-४ परवान्याची मुदत आय-९४ वरील मुदतीपलीकडे जात नाही, आणि ती मुदत पतीच्या एच-१बीशी जोडलेली असते. एच-१बीची मुदत एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी नूतनीकरण आले. ग्रीन कार्डाची रांग दशकाहून लांब असल्याने हे चक्र तीन-चार वेळा तरी फिरते.

नूतनीकरण वेळेत न झाल्यास काम थांबू नये म्हणून मर्यादित स्वरूपात आपोआप मुदतवाढ मिळत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना ही सोय बंद झाली. नवे कार्ड आले नाही, तर जुन्याची तारीख उलटताच कंपनीला त्या कर्मचाऱ्याचे काम थांबवावेच लागते. अर्ज मुदतीपूर्वी १८० दिवसांपर्यंत करता येतो. मात्र पतीची आणि पत्नीची मुदतवाढ एकत्र निकाली काढण्याचे जे बंधन न्यायालयीन तडजोडीमुळे विभागावर होते, ते जानेवारी २०२५ मध्ये संपले. पतीचे कागद तीन आठवड्यांत येतात आणि पत्नीचे अनेक महिन्यांनी, असे घडू शकते. पगारातील हा खंड गृहीत धरूनच घरभाड्याचे आणि हप्त्यांचे गणित मांडावे लागते.

यात एक साधी बाब अनेकांना भोवते. पारपत्राची मुदत व्हिसापेक्षा आधी संपत असेल, तर विमानतळावरील अधिकारी आय-९४ ची मुदत पारपत्राच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. त्यामुळे कामाच्या परवान्याची मुदतही तेवढीच आखूड होते. बंगळुरूच्या पारपत्र कार्यालयात आधी एक फेरी मारली, तर हा त्रास वाचतो.

आणि सर्वांत मोठी मर्यादा पतीच्या नोकरीची. ती गेली तर साधारणतः ६० दिवसांची सवलत मिळते. त्या काळात दुसरा मालक किंवा दुसरा दर्जा मिळाला नाही, तर एच-४ चा आणि म्हणून पत्नीच्या परवान्याचा आधारच जातो, मग तिची स्वतःची नोकरी कितीही पक्की असो. पत्नीच्या नोकरीमुळे गेलेल्या पतींनाही हीच स्थिती लागू होते.

इतर देशांत काय आहे

बंगळुरूतील कंपन्या याच कर्मचाऱ्यांना युरोप आणि आशियातही पाठवतात, आणि तेथील नियम सारखे नाहीत. जर्मनीत कुटुंब एकत्रीकरणाच्या परवान्यावर आलेल्या जोडीदाराला कोणतीही नोकरी करता येते. ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसाधारकाच्या अवलंबिताला जवळपास सर्व कामांची मुभा आहे. मात्र अलीकडे अनेक व्यवसायांतील कामगारांना कुटुंब आणण्याचीच बंदी झाली आहे. सिंगापूरने १ मे २०२१ पासून अवलंबितांना काम करण्यासाठी स्वतःचा कार्य परवाना बंधनकारक केला. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून कामगारांच्या जोडीदारांचा खुला परवाना वरच्या श्रेणीच्या आणि काही निवडक व्यवसायांपुरता मर्यादित केला. बदलीसाठी देश निवडण्याची संधी असेल, तर पगाराच्या आकड्याशेजारी हा रकानाही भरावा लागतो, कारण जोडीदाराचा शून्य पगार हा त्याच हिशेबाचा भाग आहे.

त्यामुळे परदेशी गेल्यावर गटात विचारायचा प्रश्न बंगळुरू सोडण्यापूर्वी कंपनीला विचारणे उपयोगाचे ठरते. आपल्याला एच-१बीवर पाठवणार की एल-१वर, ग्रीन कार्डाचे प्रकरण कोणत्या महिन्यात सुरू करणार, आणि हे दोन्ही लेखी मिळेल काय, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. बदलीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी कर्मचाऱ्याच्या शब्दाला वजन असते. विमानात बसल्यानंतर ते उरत नाही.